केल्पच्या गोळ्या, टीएसएच १९ आणि ‘आयुष्यभराची गोळी’

प्रश्न: डॉक्टर, मी ३६ वर्षांची आहे, ठाण्यात राहते. केस फार गळतात म्हणून चार महिने केल्पच्या (समुद्री शेवाळाच्या) गोळ्या घेतल्या, रोज दोन. डब्यावर ‘केल्प पावडर ५०० मिलिग्रॅम’ आणि ‘बायोटिन’ एवढंच लिहिलंय. गेल्या वर्षी टीएसएच २.८ होता, आता १९.४ आलाय, म्हणजे थायरॉइड मंद झालंय म्हणे. फ्री टी-फोर ०.८ (खालची मर्यादा ०.९). आमच्या डॉक्टरांनी ५० मायक्रोग्रॅमची थायरॉक्सिन लिहून दिली आणि आयुष्यभर घ्यावी लागेल म्हणाले. अजून सुरू केलेली नाही. आत्या म्हणते थायरॉइडला आयोडीन लागतं, केल्प बंद करू नकोस. सासूबाई म्हणतात सगळं आयोडीन बंद कर, सैंधव वापर. माझी ९ वर्षांची मुलगी शेवाळाचे ते कुरकुरीत पापुद्रे आवडीने खाते, तेही बंद करू का?

उत्तर:

केल्प आजच बंद करा, पण डबा फेकू नका. आयुष्यभराची गोळी लागेल की नाही हे आज तुमच्या डॉक्टरांनाही सांगता येणार नाही आणि मलाही नाही. केल्प सोडून सहा आठवडे, शक्यतो बारा आठवडे गेल्यावर ते कळेल. तेवढं थांबणं बहुतेकांना चालतं. ज्यांना चालत नाही त्यांच्यात तुम्ही मोडता का, ते आधी पाहा. गरोदर असाल, मूल हवं म्हणून प्रयत्न चालू असतील, बाळाला अंगावर पाजत असाल, हृदयाचा आजार असेल, किंवा खूप थकवा, चेहऱ्यावर सूज, सतत थंडी वाजणं असा त्रास वाढत चालला असेल, तर थांबू नका, गोळी लगेच सुरू करा. केल्प मात्र तेव्हाही बंदच. यातलं काहीच नसेल तर हे उत्तर डॉक्टरांना दाखवा आणि ‘आयोडीन बंद करून सहा आठवड्यांनी परत तपासू का?’ असं सरळ विचारा. चार महिने केल्प घेत होते, हे तुम्ही त्यांना सांगितलं नसणार असा माझा अंदाज आहे. पेशंट हे सहसा सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते औषध नसतं. आम्हीही पुष्कळदा विचारत नाही, हेही खरं.

आता त्या डब्यावरच्या ५०० मिलिग्रॅमबद्दल. ते वाळलेल्या शेवाळाच्या पावडरीचं वजन आहे. त्यात आयोडीन किती हे डब्यावर लिहिलेलंच नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे. माणसाला आयोडीन दिवसाला साधारण १५० मायक्रोग्रॅम लागतं. मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. ‘केल्प’ हे कुठल्या एका वनस्पतीचं नाव नाही, तपकिरी रंगाच्या बऱ्याच समुद्री शेवाळांना मिळून तसं म्हणतात. त्यातल्या लॅमिनेरिया जातीच्या एका ग्रॅम पावडरीत १५०० मायक्रोग्रॅमच्या आसपास, कधी त्याहून खूप जास्त आयोडीन निघतं. अ‍ॅस्कोफायलम नावाच्या दुसऱ्या जातीत साधारण ७०० निघतं. म्हणजे तुमची अर्ध्या ग्रॅमची एक गोळी पहिल्या जातीची असेल तर ७५० मायक्रोग्रॅम, दुसऱ्या जातीची असेल तर ३५०. रोजच्या दोन गोळ्या म्हणजे ७०० ते १५००. शिवाय एकाच जातीचं शेवाळ कुठल्या समुद्रातलं, कुठल्या ऋतूत काढलेलं, कसं वाळवलेलं यावर आकडा हलतो, त्यामुळे एका डब्यातली गोळी पुढच्या डब्यातल्या गोळीसारखी असेलच असं नाही.

त्यात घरातलं मीठ धरा. आपल्याकडे आयोडीनयुक्त मिठात घरी पोचेपर्यंत निदान १५ पीपीएम, म्हणजे ग्रॅमला १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असायला हवं असा नियम आहे. दिवसाला आठ-दहा ग्रॅम मीठ पोटात जातं. शिजवताना थोडं उडून गेलं तरी रोजची गरज तिथेच जवळजवळ भागते. केल्प सुरू केलंत तेव्हा तुम्हाला आयोडीनची कमतरता असण्याची शक्यता फार थोडी होती. रोजच्या आयोडीनची वरची सुरक्षित मर्यादा युरोपात ६०० मायक्रोग्रॅम धरतात, अमेरिकेत ११००. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने तर २०१३ मध्ये सांगितलं की दिवसाला ५०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त आयोडीन असलेल्या आयोडीनच्या किंवा केल्पच्या गोळ्या घेऊच नयेत. तुम्ही बहुधा चार महिने त्या रेषेच्या पलीकडे होतात.

‘थायरॉइडला आयोडीन लागतं, मग जास्त दिल्याने थायरॉइड मंद कसा होईल?’ हा आत्यांचा प्रश्न रास्त आहे. थायरॉइडच्या पेशी रक्तातलं आयोडीन आत ओढून घेतात आणि त्यापासून हार्मोन बनवतात. पण आत एकदम फार आयोडीन साचलं की पेशी हार्मोन बनवणंच थांबवते. ही तिची स्वतःची सोय आहे, नाहीतर आयोडीनयुक्त काहीही जास्त खाल्लं की माणसाच्या अंगात हार्मोनचा पूर आला असता. वोल्फ आणि चायकॉफ या दोघांनी १९४८ मध्ये उंदरांवर हे दाखवलं, म्हणून या ब्रेकला त्यांचं नाव आहे. निरोगी ग्रंथीत हा ब्रेक थोडे दिवसच लागतो. पेशी आयोडीन आत ओढणारा दरवाजा अर्धवट लावून घेते, आतला साठा उतरतो आणि साधारण दहा दिवसांत काम पुन्हा सुरू होतं. बाहेरून आयोडीन येतच राहिलं तरीही. म्हणून केल्प खाणाऱ्या बहुतेकांना काहीच होत नाही, आणि म्हणूनच ‘माझ्या मैत्रिणीला तर काही झालं नाही’ याला पुरावा म्हणून किंमत नाही.

काहींना हा दरवाजा लावता येत नाही. ज्यांच्या ग्रंथीला आधीपासून हाशिमोटो आहे, म्हणजे शरीरच तिच्यावर हळूहळू हल्ला करतंय, ते यात सगळ्यात जास्त. त्यांचा ब्रेक लागतो आणि लागलेलाच राहतो. हाशिमोटो असलेल्या कित्येक बायकांचा टीएसएच वर्षानुवर्षं अगदी ठीक येतो, त्यांना पत्ताही नसतो. तुमचा गेल्या वर्षीचा २.८ त्यातलाच असू शकतो. म्हणून पुढच्या तपासणीत हा हल्ला दाखवणारी अँटी-टीपीओ अँटीबॉडी नक्की करून घ्या. थायरॉइडची जुनी शस्त्रक्रिया, रेडिओआयोडीन घेतलेलं असणं, किंवा बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडून सुधारलेलं असणं, यांतही असंच होतं. बाळंतपणानंतर असं काही झालं होतं का, आठवून पाहा.

काही वर्षांपूर्वीची माझी एक पेशंट सांगतो. वय ४१, पुण्यातली इंजिनीअर, नवऱ्याच्या नोकरीमुळे दोन वर्षं योकोहामात राहून आलेली. तिथे तिला एक सवय लागली होती. रात्री कोंबूची, म्हणजे जपानी स्वयंपाकातल्या वाळवलेल्या केल्पची, बोटभर पट्टी पाण्यात टाकायची आणि सकाळी उपाशीपोटी ते पाणी प्यायचं, वजन उतरतं म्हणून. पुण्याला येतानाही दोन पाकिटं आणली होती. वजन उतरायच्या ऐवजी पाच किलो वाढलं, पाळी लांबली, आवाज जड झाला. टीएसएच ३४, टी-फोर बराच कमी, अँटी-टीपीओ भरपूर वाढलेली. ‘मी कोंबू खात नाही हो डॉक्टर, पट्टी टाकून देते’ असं ती दोनदा म्हणाली. कोंबूतलं आयोडीन मात्र पाण्यात सहज उतरतं, आणि त्याच्या एका ग्रॅममध्ये दीड-दोन हजार मायक्रोग्रॅम किंवा त्याहूनही जास्त असू शकतं. पट्टी तीन ग्रॅमची धरली आणि निम्मंच उतरलं असं मानलं, तरी रोज दोन-तीन हजार मायक्रोग्रॅम पोटात. ती टाकून देत होती तो चोथा, पीत होती ते आयोडीन.

तिला मी लगेच गोळी दिली नाही. हृदय ठीक होतं, मूल नको होतं, आणि दर दोन आठवड्यांनी फोन करायला ती तयार होती. सहा आठवड्यांनी टीएसएच ९.१ आणि बारा आठवड्यांनी ३.६ झाला. अँटीबॉडी आजही वाढलेल्या आहेत, म्हणजे हाशिमोटो आहेच. त्यामुळे ती वर्षातून एकदा टीएसएच करते. गोळी नाही.

सगळ्यांचं असं होतं असं मात्र मी म्हणणार नाही. जपानमध्ये १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात थायरॉइड मंद झालेल्या २२ जणांचं आयोडीन तीन आठवडे कमी केलं. त्यातल्या १२ जणांचं थायरॉइड औषधाशिवाय ताळ्यावर आलं, बाकीच्यांचं आलं नाही. ग्रंथीचा बराच भाग आधीच नष्ट झालेला असेल तर ब्रेक सोडून उपयोग नाही, चालवायला गाडीच उरलेली नसते. तुमचा टी-फोर थोडासाच कमी आहे आणि वर्षापूर्वीचा टीएसएच चांगला होता, म्हणून मला आशा जास्त वाटते. खात्री नाही.

सहा आठवडे कशासाठी? अंगातलं जास्तीचं आयोडीन लघवीवाटे जायला थोडे आठवडे लागतात. त्यानंतर ग्रंथी काम सुरू करते, टी-फोर हळूहळू भरून येतो, आणि मेंदूतल्या पिट्युटरीला ते समजून टीएसएच खाली यायला आणखी काही आठवडे जातात. दहा दिवसांत तपासलंत तर आकडा जवळपास तसाच दिसेल, आणि ‘केल्प सोडूनही काही फरक नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघेल.

तपासणीच्या आधीची एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण तुमच्या डब्यात बायोटिनही आहे. बऱ्याच लॅबच्या थायरॉइड चाचण्यांचं रसायन बायोटिनवरच चालतं. रक्तात बायोटिन जास्त असेल तर अशा मशीनवर टीएसएच खोटाच कमी आणि टी-फोर खोटाच जास्त येतो. तुमचा १९.४ गोळ्या चालू असताना काढलेला असेल तर खरा आकडा त्याहूनही जास्त असू शकतो. मी असेही पेशंट पाहिलेत ज्यांचं थायरॉइड मंद होतं आणि रिपोर्ट अगदी सुरेख आला होता. तेव्हा केसांच्या दुसऱ्या कुठल्या गोळ्या, गमीज किंवा पावडर घेत असाल तर रक्त देण्याआधी निदान तीन दिवस बंद ठेवा, आणि लॅबवाल्यालाही सांगा.

लघवीतलं आयोडीन मोजायचा हट्ट धरू नका. त्या चाचणीचे आकडे आख्ख्या गावाचं किंवा राज्याचं आयोडीन कसं आहे हे बघायला उपयोगी आहेत. एका माणसाचा एका दिवसाचा आकडा कालच्या जेवणावर नाचतो. फार प्रचंड आला तर शंका पक्की होते एवढंच, आणि तुमच्या बाबतीत डबाच बोलतोय. गेल्या तीन महिन्यांत डाय देऊन सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफी झाली असेल तर मात्र डॉक्टरांना जरूर सांगा, एका स्कॅनच्या डायमधून येणारं आयोडीन तुमच्या चार महिन्यांच्या केल्पला सहज मागे टाकतं.

केस गळण्याचं कारण केल्पने सुटलं तर नाहीच, उलट थायरॉइड मंद झालं की केस आणखी गळतात. फेरिटिन, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी, केली नसेल तर याच रक्तात करून घ्या. तुमच्या वयात लोह कमी असणं हे आयोडीन कमी असण्यापेक्षा कितीतरी जास्त आढळतं.

आता मुलीचे पापुद्रे. ते नोरीचे असतात, सुशीभोवती गुंडाळतात तेच. नोरी तपकिरी नाही, लाल गटातलं शेवाळ आहे, आणि त्यात आयोडीन कोंबूच्या मानाने कितीतरी कमी, ग्रॅमला साधारण १५ ते ४० मायक्रोग्रॅम. पाच ग्रॅमचं छोटं पाकीट म्हणजे ७५ ते २०० मायक्रोग्रॅम. तिच्या वयाला दिवसाची गरज १२० आणि वरची मर्यादा ६०० धरतात. आठवड्यातून दोन-तीन पाकिटं खाल्ली तर काही बिघडत नाही. रोज एक खात असेल तर मी थोडं कमी करेन, तेही त्यातल्या मिठाकडे आणि तेलाकडे बघून. फक्त पाकिटामागचे घटक वाचा. कोंबू किंवा केल्प लिहिलेलं असेल, किंवा भातावर भुरभुरायच्या मसाल्यात ते असेल, तर ते घरात नको. वाकामे नावाचं शेवाळ या दोघांच्या मध्ये येतं, सूपमध्ये कधीतरी चालेल. फालुद्यात आणि पुडिंगमध्ये घालतो तो चायना ग्रासही शेवाळापासूनच बनतो, पण तो धुऊन, उकळून, गाळून काढलेला असतो, त्याची काळजी करू नका.

‘जपानी लोक एवढं खातात, त्यांना काही होत नाही’ हे वाक्य ओपीडीत दर महिन्याला कानावर येतं. जपानी माणसाच्या पोटात दिवसाला सरासरी एक ते तीन मिलिग्रॅम आयोडीन जातं असा अंदाज आहे, आणि तिथे वरची मर्यादाही तीन मिलिग्रॅम ठेवली आहे. ग्रंथी लहानपणापासून त्याला सरावलेली असते. तरीही १९६० च्या दशकात होक्काइडोच्या किनाऱ्यावर, जिथे कोंबू काढतात आणि भरपूर खातात, तिथे गलगंड सर्रास सापडला होता. तेव्हा त्यांना काही होत नाही हे खरं नाही. कोरियात बाळंतिणीला शेवाळाचं सूप आठवडेच्या आठवडे देतात, आणि आईच्या दुधातून आयोडीन जाऊन तान्ह्या बाळाचा टीएसएच वाढल्याची उदाहरणं तिथे नोंदलेली आहेत. आपल्याकडे आता इंटरनेटवर बघून ते सूप करणाऱ्या नव्या आया दिसतात. त्यांनी आपला डिंकाचा लाडू खावा.

सासूबाईंच्या सैंधवाला मात्र माझा नकार आहे. सैंधवात आयोडीन नगण्य असतं. तुम्हाला जास्तीचं आयोडीन काढायचंय, गरजेचं नाही. घरात एक वाढती मुलगी आहे, उद्या कुणी गरोदरही असेल. आयोडीनयुक्त मिठामुळे तुमचा टीएसएच १९ झालेला नाही. मीठ आहे तेच ठेवा. मासे, दूध, अंडी सगळं चालेल.

आत्यांना आणखी एक सांगा, कारण त्यांनी स्वतः ते केल्प सुरू करू नये असं मला मनापासून वाटतं. साठी ओलांडलेल्या, गळ्यात जुनी गाठ असलेल्या माणसाला केल्पचा परिणाम उलटा होऊ शकतो. अशा गाठींवर शरीराचा ताबा नसतो, आयोडीन मिळेल तेवढं त्या हार्मोन बनवत सुटतात. माझ्याकडे ६८ वर्षांचे एक गृहस्थ आले होते. मुलाने अमेरिकेहून ‘थायरॉइड सपोर्ट’ म्हणून केल्प पाठवलं होतं. तीन महिन्यांत सात किलो वजन गेलं, हात थरथरायला लागले, आणि ईसीजीत हृदयाचे ठोके अनियमित. टीएसएच मोजता येणार नाही इतका खाली. ग्रंथीचा स्कॅन केला तर ग्रंथी जवळजवळ दिसेचना, कारण ती आधीच आयोडीनने भरलेली होती, स्कॅनचं औषध आत घेईना. अशा वेळी हार्मोन कमी करणाऱ्या नेहमीच्या कार्बिमेझोलच्या गोळ्याही लवकर लागू पडत नाहीत, आतला साठा संपेपर्यंत वाट पाहावी लागते. त्यांना सावरायला पाच महिने लागले. आत्यांच्या गळ्यात गाठ असेल, किंवा त्या हृदयासाठी अमिओडॅरोन घेत असतील, तर केल्पचं नावही नको. अमिओडॅरोनच्या २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीतच सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं.

सहा आठवड्यांनी टीएसएच १९ वरून खाली येताना दिसला, समजा ८ किंवा १०, तर गोळी न घेता आणखी सहा आठवडे थांबा आणि परत तपासा. तिथेच अडकला किंवा वर गेला तर थायरॉक्सिन सुरू करा. मधल्या काळात त्रास वाढला किंवा पाळी चुकली तर तारखेची वाट न पाहता तपासा. गोळी आत्ताच सुरू करावी लागली तर सहा आठवड्यांनी टीएसएच करा. तो अनपेक्षितपणे फार खाली, ०.३ किंवा ०.२ असा आला, तर तुमची स्वतःची ग्रंथी जागी झाल्याची ती खूण असू शकते. तेव्हा डॉक्टर डोस कमी करतील आणि तीन ते सहा महिन्यांनी गोळी बंद करूनही पाहता येईल. ती आपल्या मनाने बंद करू नका. आणि बारा आठवड्यांनंतरही टीएसएच १० च्या वर राहिला, अँटीबॉडीही वाढलेल्या असल्या, तर तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं बरोबर होतं असं समजा. मग सकाळी उठल्यावर उपाशीपोटी गोळी, आणि चहा अर्ध्या-पाऊण तासाने.